शंट किती, एकसर रोध किती?

प्रश्न: गॅल्व्हनोमीटरचा अ‍ॅमीटर किंवा व्होल्टमीटर करायचा तर रोध किती लावायचा, हे कसं काढतात?

समजा, कॉइल १०० ओहमची आहे आणि १ मिलिअँपिअरला काटा टोकाला जातो. म्हणजे त्या वेळी कॉइलवर ०.१ व्होल्ट असतात. पुढचं सगळं या दोन आकड्यांवरच चालतं.

व्होल्टमीटर सोपा. १० व्होल्टला काटा टोकाला हवा, तर एकूण रोध १० ÷ ०.००१ = १०,००० ओहम. त्यातले १०० कॉइलचेच, म्हणून ९,९०० ओहम एकसर जोडायचे.

१ अँपिअरच्या अ‍ॅमीटरला उरलेले ९९९ मिलिअँपिअर शंटमधून, म्हणजे कॉइलला समांतर जोडलेल्या छोट्या रोधातून जायला हवेत. त्याच्यावरही ०.१ व्होल्टच, म्हणून शंट ०.१ ÷ ०.९९९, म्हणजे सुमारे ०.१००१ ओहम.

गणित इथे संपतं, पण गोची जोडणीत होते. शंटच्या वाटेत तारेचे नुसते ०.०१ ओहम वाढले, तरी कॉइलकडे जास्त धारा वळते आणि काटा जवळपास १० टक्के जास्त दाखवतो. त्यामुळे कॉइलच्या तारा थेट शंटच्या टोकांनाच लावा. आणि शंट आधी घट्ट बसवा, मगच धारा सोडा. तो सुटला तर सगळी धारा कॉइलवर येते, काटा टोकावर आपटतो आणि कॉइल जळू शकते.