आडव्या नळ्यांचं रेलिंग आणि चौदा महिन्यांचं मूल

प्रश्न: म्हापशात तिसऱ्या मजल्यावर डुप्लेक्स घेतलाय. मुलगा 14 महिन्यांचा आहे. गॅलरीला एक फुटाचा कट्टा, त्यावर तीन आडव्या स्टीलच्या नळ्या, सगळ्यात वरची साडेतीन फुटांवर. आतल्या जिन्याला उभे बार आहेत, मधली फट पाच इंच. बिल्डर म्हणतो नियमात बसतं. बदलायला हवं का?

गॅलरीचं हो, आणि मूल धड चालायला लागायच्या आत. जिन्याचंही थोडं काम आहे, ते शेवटी सांगतो. माझं फोंड्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तुमच्यासारखी आडव्या नळ्यांची रेलिंगं मी स्वतः कित्येक घरांना बसवली आहेत, त्यामुळे हे थोडं कबुलीजबाबासारखं वाचा.

बिल्डरचं उंचीबद्दलचं बोलणं खोटं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत गॅलरीचा कठडा किमान 1 मीटर मागितलेला आहे आणि तुमचा 107 सेंमी भरतो. पण हा आकडा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. पोर जमिनीवर उभं राहत नाही. ते पाय ठेवायला जागा शोधतं, आणि कठड्याची खरी उंची त्या जागेपासून मोजायची असते.

तुमचंच रेलिंग घेऊ. कट्टा 30 सेंमी. त्यावर चढलं की वरची नळी उरली 77 सेंमी. नळ्या दोन इंची धरल्या तर मधल्या फटी साधारण 20 सेंमीच्या होतात आणि पहिल्या नळीचा माथा येतो 55 सेंमीवर. तिच्यावर पाय ठेवला की वरची नळी फक्त 52 सेंमी. दोन-अडीच वर्षांचं मूल 90 सेंमीच्या आसपास असतं, म्हणजे ती नळी त्याच्या पोटाशी आली. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. पोट टेकवून खाली डोकावलं की पाय आपोआप उचलले जातात. दुसऱ्या नळीचा हिशेब मी करत नाही, तुम्हीच करा.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आमच्याच गॅलरीत तिसऱ्या नळीपर्यंत गेली होती. रेलिंग मीच वेल्ड केलेलं, दिसायला झकास. ऑगस्टचा महिना, नळ्या ओल्या, पाय सटकला आणि ती आतल्या बाजूला पडली. हनुवटीला तीन टाके. बाहेरच्या बाजूला सटकली असती तर मी आज हे लिहीत नसतो. त्या आठवड्यानंतर मुलं असलेल्या घराला आडवं रेलिंग करून द्यायचं मी बंद केलं, गिऱ्हाईक गेलं तरी.

चढणं थोडं पुढे सुरू होईल, फटीचा धोका मात्र तुम्हाला आजच आहे. 20 सेंमीतून 14 महिन्यांचं मूल अख्खं बाहेर जातं. त्याहून अरुंद, 11 ते 15 सेंमीच्या फटी वेगळ्या कारणाने वाईट: मूल आधी पाय घालतं, मग कंबर सरकते, आणि डोकं अडकून शरीर लोंबकळतं. म्हणून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत 10 सेंमी व्यासाचा चेंडू कुठूनही पार होता कामा नये असं आहे, आणि कठडा मुलांना सहज चढता येऊ नये हेही त्यातच लिहिलंय. अमेरिकेत खेळाच्या मैदानातल्या उपकरणांसाठी 9 ते 23 सेंमीच्या फटी डोकं अडकण्याच्या धरतात. मी 9 च्या आत ठेवतो.

मोजायला टेप नको, सोललेला नारळ घ्या. दोरा गुंडाळून ज्याचा घेर 31 सेंमी भरेल तो साधारण 10 सेंमी व्यासाचा. प्रत्येक फटीत तो जोर लावून ढकलून बघा, नुसता टेकवून नाही, कारण बारीक बार दाबल्यावर फाकतात. खालची फट लोक हमखास विसरतात, तिथेही लावा.

आता उपाय. नळ्या काढायची गरज नाही. कट्ट्याच्या आतल्या तोंडाला लागून उभ्या बारांची चौकट उभी करा, जमिनीपासून 8 सेंमीवर सुरू होऊन 115 ते 120 पर्यंत. यामुळे कट्टा चौकटीमागे गेला, पाय ठेवायला काही उरलं नाही आणि पूर्ण उंची जमिनीपासून मिळाली. 1 मीटर रुंद चौकटीत 12 मिमीचे 9 बार घाला: बारांनी 10.8 सेंमी खाल्ले, उरलेले 89.2 दहा फटींत वाटले की प्रत्येकी 8.9. एक बार वाचवून 8 घातले तर फट 10 च्या किंचित वर जाते. फॅब्रिकेटरला 'मोकळी फट 9 सेंमी' असंच सांगा. नुसतं 'चार-पाच इंचांवर बार' म्हटलं तर तो आपल्या सवयीप्रमाणे माप धरेल, आणि पाच इंच मधापासून मधापर्यंत घेतले की मोकळे साडेअकरा सेंमी राहतात.

चौकट कट्ट्याला बोल्ट करू देऊ नका. आपल्याकडे कट्टा बहुतेक चिऱ्याचा, वर गिलावा. त्यात अँकर बसल्यासारखा वाटतो, पण दोन पावसाळ्यांत ढिला होतो. बाजूच्या काँक्रीटच्या खांबांना आणि खाली स्लॅबला पकड द्या. बेस प्लेटभोवती पाणी साचतं तिथेच गंज आतून लागतो. समुद्राच्या बाजूला स्वस्त 202 ग्रेडचं स्टील वर्षभरात तपकिरी पडतं. 304 बरं, 316 टिकतं. काम झालं की वरच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा, प्लेटशी कट्‌ आवाज आला तर पैसे रोखून ठेवा.

तोवर हिरवी जाळी बांधणार असाल तर ती फक्त पाय ठेवायची जागा झाकते, वजन धरत नाही. ताणलेल्या तारांची इनव्हिजिबल ग्रिल चालते, पण जवळ-जवळ तारांची आणि एक भाग किल्लीने उघडणारा. आग लागली तर बाहेर पडायची वाट बंद करू नका.

जिन्याची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजा, 90 सेंमीपेक्षा कमी नको. पाच इंच म्हणजे 12.7 सेंमी, तो नारळ तिथून जाईल. प्रत्येक दोन बारांत एक बार वाढवून घ्या. रेलिंगची खालची पट्टी आणि पायरी यांच्यामधला त्रिकोणही तपासा. वरच्या लँडिंगला दाबून बसवायचं सेफ्टी गेट लावू नका, स्क्रूने पक्कं होणारंच घ्या.

आणि गॅलरीतली तुळशीची कुंडी, मोडा, वॉशिंग मशीन रेलिंगपासून निदान एक मीटर आत आणा. आमची तुळस आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आई आठवडाभर बोलली नव्हती.