मजुराला, शेवभाजी आणि तापला तवा

'मुलाच्या आठवीच्या मराठी सरावपत्रिकेचा फोटो पाठवतेय. अमळनेरला क्लासमध्ये दिली आहे. विभक्ती, समास आणि अलंकार असे तिन्ही प्रश्न अडलेत. उत्तरं कारणासकट सांगाल का? नुसती उत्तरं तो पाठ करतो आणि दुसऱ्या वाक्याला परत चुकतो.'

ताई, पहिलं वाक्य आहे 'मुकादमाने कोयत्याने घड कापून मजुराला दिला'. यात 'ने' दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा विभक्ती तृतीयाच. पण पत्रिकेत शेजारी कारकार्थाचाही रकाना आहे, आणि तिथे दोन्हींचं उत्तर वेगळं येतं. घड कोणी दिला? मुकादमाने, म्हणून तो कर्ता. कापला कशाने? कोयत्याने, म्हणून ते करण. विभक्ती शब्दाच्या रूपावरून ओळखायची आणि कारकार्थ त्या शब्दाच्या क्रियापदाशी असलेल्या नात्यावरून.

'मजुराला' इथे खरी अडचण आहे, कारण 'ला' हा द्वितीयेचाही प्रत्यय आहे आणि चतुर्थीचाही. रूपावरून इथे काहीच ठरत नाही, म्हणून आधी कर्म शोधायचं. दिलं काय? घड. कर्माची जागा घडाने घेतली. मजूर तो घेणारा आहे. म्हणून संप्रदान, आणि विभक्ती चतुर्थी. आता 'मुकादमाने मजुराला बोलावले' हे वाक्य घ्या. बोलावण्याची क्रिया थेट मजुरावर होते, दुसरं कर्म नाही. म्हणून तोच 'मजुराला' इथे द्वितीयेत. मुलगा घरी अहिराणी ऐकत असेल तर त्याला हे पटकन कळेल. 'पोऱ्याले बलाव' आणि 'पोऱ्याले भाकर दे' यांत 'ले' एकच आहे, पण पहिल्या वाक्यात पोऱ्या हे कर्म आहे, दुसऱ्यात भाकर.

मुलाने 'घड'पुढे द्वितीया लिहिलेली फोटोत दिसते. कर्म म्हटलं की द्वितीया, असं त्याच्या डोक्यात बसलं आहे. घडाला प्रत्यय नाही, म्हणून विभक्ती प्रथमा. कारकार्थ मात्र कर्म. 'दिला' हे क्रियापदही घडाप्रमाणेच चाललं आहे. घडाऐवजी 'केळी' ठेवून पाहा, 'दिली' होईल.

समासात 'भाजीभाकरी' आणि 'शेवभाजी' शेजारी शेजारी दिले आहेत. सरांनी हे मुद्दाम केलं असणार आणि मला ते फार आवडलं. 'भाजीभाकरी खाऊन जा' म्हणतो तेव्हा चटणी, कांदा, असेल ते सगळं त्यात येतं. भाजी, भाकरी वगैरे असा विग्रह होतो, म्हणून समाहार द्वंद्व. मुलाने त्याच धर्तीवर 'शेव आणि भाजी' असा विग्रह केला आहे. पण आपल्याकडे शेवभाजी म्हणजे दोन पदार्थ नव्हेत. 'शेव घालून केलेली भाजी' या विग्रहातले 'घालून केलेली' हे मधले शब्द समासात गळाले, म्हणून मध्यमपदलोपी, 'साखरभात'सारखा. कोणी 'शेवेची भाजी' असा विग्रह करून षष्ठी तत्पुरुष लिहिलं तर तेही मी चूक म्हणणार नाही, पण शाळेत पहिलं उत्तरच अपेक्षित असतं. विग्रह लिहिल्याशिवाय समासाचं नाव लिहू देऊ नका. 'पीतांबर'चंही तसंच. पत्रिकेत आजोबा तो नेसतात, म्हणजे पिवळं वस्त्र, म्हणून कर्मधारय. तोच शब्द विष्णूसाठी आला असता तर 'पीत आहे अंबर ज्याचे तो' असा बहुव्रीही झाला असता.

अलंकाराच्या ओळीत फोटोतली घडी नेमक्या एका अक्षरावर पडली आहे: 'ऊन ज… तापला तवा'. खालचा दीर्घ ऊकार दिसतो, म्हणून मी 'जणू' वाचतो. मग उत्तर उत्प्रेक्षा. ऊन हाच तवा असावा, अशी कल्पना केली आहे. 'जसा' असेल तर उपमा. तिथे ऊन आणि तवा वेगळे राहतात, फक्त तापण्याचा गुण सारखा. 'ऊन म्हणजे तापला तवाच' असतं तर दोन्ही एकच मानले जातात, म्हणून रूपक. 'हे ऊन नव्हे, हा तापला तवा' म्हटलं की उपमेयच नाकारलं, ती अपन्हुती. वैशाखातल्या एकाच उन्हावर चारही करून घ्या, फरक त्याच्या लक्षात राहील. मूळ कागदावरची घडी तेवढी उलगडून पाहा.

शेवटचं 'पाऊस सारखा पडत होता' हे वाक्य. इथे 'सारखा' दिसला म्हणून मुलाने उपमा लिहिली आहे. पण पावसाची तुलना कशाशी केली आहे? कशाशीच नाही. 'सारखा' म्हणजे इथे सतत. उपमान नाही, त्यामुळे अलंकारही नाही. तिथे 'अलंकार नाही' असंच लिहायचं.