त्वरण ऋण म्हणजे कण मंदावतोय, असे नव्हे

सरळ रेषेत चालणाऱ्या कणाच्या गणितात तुम्ही त्वरण a < 0 दिसताच कण मंदावतो असे लिहिले आहे. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. त्वरण वेगातील बदल सांगते, चालीतील नव्हे, आणि चाल म्हणजे वेगाचे चिन्ह काढून उरणारे मूल्य. म्हणून a चे चिन्ह एकटे न पाहता ते वेग v च्या चिन्हाशी ताडून पाहावे: चिन्हे सारखी असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर घटते. यामागचे कारण असे की v² चे काळानुसार अवकलन 2va येते, आणि चाल v² सोबतच वाढते-घटते.

t या वेळी कणाचे स्थान s = t³ − 6t² + 9t घ्या, t ≥ 0. येथे v = 3(t − 1)(t − 3) आणि a = 6(t − 2), म्हणून काळरेषेवर 1, 2 आणि 3 या तिन्ही खुणा कराव्यात; विद्यार्थी बहुधा a = 0 ची खूण, म्हणजे 2, विसरतात. t = 1.5 ला v = −2.25 आणि a = −3 आहे; वेग आणखी ऋण होत असल्याने कण उलट दिशेने अधिकाधिक जोरात धावतो. t = 2 ला चाल 3 पर्यंत पोहोचते. त्यानंतर a धन होते, पण v अजून ऋणच असल्याने t = 3 पर्यंत, धन त्वरण असूनही, कण मंदावतो. थोडक्यात, 1 < t < 2 आणि t > 3 मध्ये चाल वाढते, उरलेल्या दोन अंतरालांत घटते.

t = 1 ला v शून्य आहे, तेथे कण क्षणभर थांबून वळतो; तो क्षण कोणत्याही अंतरालात धरू नये.