उन्हाळ्यातला शर्ट: रंगाचा हिशेब उन्हासाठी वेगळा, घामासाठी वेगळा

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरवर जातो, पाठीवर सॅक असते. पांढऱ्या शर्टात ऊन कमी लागतं म्हणतात, पण घामाचे डाग कोणत्या रंगात कमी दिसतात?

शर्टवर ऊन पडतं ते खांद्यांवर, बाह्यांवर आणि छातीवर. घामाचा डाग पडतो तो काखेत, सॅकच्या मागे आणि सॅकच्या पट्ट्यांखाली, म्हणजे ऊन जिथे पोचतच नाही तिथे. त्यामुळे पांढरा शर्ट घातला म्हणून सॅकखालची पाठ कोरडी राहील असं नाही. तिथे घाम जास्त येतो म्हणण्यापेक्षा तो उडून जायला वाव नसतो.

उन्हाचं म्हणाल तर गडद कापड दिसणारा उजेड बराच शोषतं आणि तापतं, पांढरं त्यातला बराचसा परत फेकतं. पण उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते आणि तिथे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून फारसं कळत नाही. शिवाय काळं कापड तापतं ते वरच्या बाजूने. शर्ट सैल असेल आणि स्कूटर चालू असेल, तर ती उष्णता वारा घेऊन जातो. चांदणी चौकात वाहतूक अडकली की मात्र काळा शर्ट खांद्याला चटका देतो, आणि घट्ट असेल तर आणखीच. थोडक्यात, चालत्या गाडीवर रंगापेक्षा सैलपणाला जास्त किंमत आहे. उभ्या गाडीवर रंगाला.

आता डागांकडे येऊ. कोरड्या सुती कापडात धाग्यांमध्ये हवा असते. उजेड धाग्यावरून हवेत, हवेतून धाग्यात असा ठेचकाळत जातो आणि बराचसा परत बाहेर येतो, म्हणून कापड फिकट दिसतं. घामाने हवेची जागा पाण्याने घेतली की ही ठेच कमी होते, कारण पाणी प्रकाशाच्या वळण्याच्या बाबतीत धाग्याच्या बरंच जवळचं आहे. उजेड खोल शिरतो, रंगात शोषला जातो आणि ओली जागा गडद दिसते. काळं कापड आधीच इतकं गडद असतं की आणखी गडद व्हायला जागाच नसते. पांढऱ्यात शोषून घेणारा रंगच नसतो, म्हणून तेही फारसं गडद होत नाही. ते पारदर्शक होतं आणि आतलं बनियन किंवा कातडी दिसते. सगळ्यात फसवे ते मधले रंग: राखाडी, आकाशी, खाकी, फिकट हिरवा. त्यातही राखाडी मेलांज टी-शर्ट म्हणजे घामाचा नकाशाच.

डोळा ओलेपणा शोधत नाही, ओल्या-कोरड्याची कडा शोधतो. म्हणून बारीक चेक्स किंवा दाट बारीक छपाई डाग चांगला लपवते. कडा त्या नक्षीत हरवते. मोठे ठिपके किंवा रुंद पट्टे असतील तर हा फायदा मिळत नाही.

घेण्याआधी पारख करायची असेल तर, दुकानदाराला विचारून, शर्टच्या खालच्या पट्टीला आतून ओलं बोट लावा. पाणी मुरू द्या, अर्धा मिनिट पुरतं. मग दुकानाच्या दाराशी येऊन बाहेरच्या उजेडात दोन हात लांबून बघा. ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे कडा मवाळ दिसते. पाणी मुरतच नसेल आणि थेंब तसाच राहत असेल तर ते कापड घाम शोषणार नाही, अंगावरच ठेवेल. पाणी चटकन लांब पसरत असेल तर डाग मोठा पडेल, पण वाळेलही लवकर.

तुमच्या रस्त्यासाठी माझी पसंती अशी: सैल, जरा जाड विणीचा पांढरा किंवा मोतिया सुती शर्ट आणि आत कातडीच्या रंगाचं, बाह्या असलेलं बनियन. पांढरं बनियन पांढऱ्या शर्टातून आपली कड दाखवतं, कातडीच्या रंगाचं दाखवत नाही. आणि बाह्यांमुळे काखेतला घाम आधी बनियन पितं. ऑफिसात गडदच लागत असेल तर नेव्ही ब्लू चालेल, पण घाम वाळल्यावर त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते, पट्ट्यांच्या कडेने हमखास. ती घासून जात नाही, उलट पसरते. ओल्या रुमालाने टिपून घ्या आणि संध्याकाळी शर्ट तसाच कपड्यांच्या ढिगात न टाकता साध्या पाण्यातून काढा.

पांढऱ्याची एक कटकट म्हणजे काखेतला पिवळा डाग. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून तो तयार होतो. रोल-ऑन पूर्ण वाळल्यावरच शर्ट चढवा. आणि त्या डागावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, पिवळेपणा वाढण्याचीच शक्यता जास्त.