बैठकीच्या सारांशात ‘आयडिया’साठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न: विचारमंथनाच्या बैठकीचा सारांश लिहिताना प्रत्येक वेळी ‘कल्पना’च लिहू का?

नको. बोलणाऱ्याची तयारी किती होती, ते शब्दातून कळायला हवं. समजा, दादरच्या एका डबा पुरवणाऱ्या व्यवसायाची बैठक आहे. ‘पावसात लोक सकाळी उशिरा ऑर्डर देत असावेत’ हा अंदाज; त्यापुढे ‘तपासायचं आहे’ असं लिहा. ‘तरुणांना भाकरी नको असते’ ही धारणा, म्हणजे आधीपासून धरून चाललेली गोष्ट. ‘लोकलसारखा डब्याचाही महिन्याचा पास काढू’ ही कल्पना. पास कोणाला, त्यात काय मिळणार, सुट्टीचे दिवस कसे मोजायचे हे जुळलं की तिची संकल्पना होते.

‘प्रस्ताव’ मात्र जपून वापरा. ‘जूनपासून ५० ग्राहकांना २,४०० रुपयांत पास द्यावा’ हा प्रस्ताव, कारण त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. मी एकदा नुसत्या कल्पनेला प्रस्ताव म्हटलं आणि हिशेब पाहणाऱ्यांनी लगेच खर्चाचा तपशील मागितला. मांडणाऱ्या मुलीकडे तो नव्हताच. क्रियापदही जुळवा: कल्पना सुचते, अंदाज व्यक्त होतो, प्रस्ताव मांडला जातो.