इंटर्नशिपच्या अर्जाचा ईमेल: उपान्त्य अक्षर, ‘शिकले’ आणि ‘आपला’

प्रश्न: मी शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी हा ईमेल पाठवायचा आहे. शुद्धलेखन आणि व्याकरण तपासून द्याल का? काय चुकले आणि का, तेही सांगा.

> विषय : ईंटर्नशिप साठी अर्ज
>
> महोदय,
> मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतीम वर्षाची विद्यार्थीनी आहे. आपल्या वेबसाइटवरील जाहिरात वाचुन हा ईमेल लिहित आहे. मी पायथन ही भाषा शिकली आहे आणि दोन प्रकल्प पुर्ण केले आहे. मी आपल्या प्रकल्पांचा अहवाल सोबत जोडत आहे. मला तुमच्या टिम मध्ये काम करण्यास इच्छूक आहे. कृपया करून मला एक संधी द्यावे.
> आपला विश्वासू

उत्तर: आधी दुरुस्त मसुदा. मजकूर तुमचाच ठेवला आहे, फक्त चुका काढल्या आहेत.

> विषय : इंटर्नशिपसाठी अर्ज
>
> महोदय,
> मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. आपल्या वेबसाइटवरील जाहिरात वाचून हा ईमेल लिहीत आहे. मी पायथन ही भाषा शिकले आहे आणि दोन प्रकल्प पूर्ण केले आहेत. माझ्या प्रकल्पांचा अहवाल सोबत जोडत आहे. मी आपल्या टीममध्ये काम करण्यास इच्छुक आहे. कृपया मला एक संधी द्यावी.
> आपली विश्वासू

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजायला गेलात तर बऱ्याच दिसतील, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकाच नियमाभोवती फिरतात. १९६२ सालच्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार मराठी शब्द अकारान्त असेल, तर त्याच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ लिहायचा. म्हणून ‘वाचून’ आणि ‘लिहीत’. ‘लिहितो’मध्ये शेवटचे अक्षर ‘तो’ आहे, तो शब्द अकारान्त नाही, म्हणून तिथे ‘हि’ ऱ्हस्वच राहते. ‘टीम’ बाहेरून आलेला शब्द असला तरी तिथे उच्चारही दीर्घ आहे, त्यामुळे प्रश्नच नाही.

मग ‘अंतिम’ आणि ‘इच्छुक’ ऱ्हस्व का? दोन्ही अकारान्तच आहेत. इथे अपवाद लागतो: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचे. ‘उत्सुक’, ‘मधुर’, ‘तांत्रिक’ हे याच रांगेतले. आपण बोलताना ‘इच्छूक’ असा उच्चार लांबवतो आणि कानावर विसंबून लिहितो, तिथे गल्लत होते. ओळखायला एक सोपी खूण: शेवटी ‘-इक’ किंवा ‘-उक’ असलेला शब्द संस्कृत वळणाचा वाटला, तर ऱ्हस्वाकडे झुका. ही खूण सगळीकडे चालेल असे नाही (‘ठीक’, ‘चूक’ हे मराठी शब्द आहेत आणि दीर्घच आहेत), पण अर्जाच्या भाषेत ती बहुतेक वेळा तारून नेते.

‘ईंटर्नशिप’ आणि ‘पुर्ण’ या एकाच नियमाच्या दोन टोकांच्या चुका आहेत. अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधीचा इकार-उकार मराठीत सहसा ऱ्हस्व असतो: भिंत, चिंच, मुक्काम. त्याप्रमाणे ‘इं’ ऱ्हस्व हवा. ‘पूर्ण’ मात्र तत्सम, म्हणून सूर्य आणि मूर्ती यांच्यासारखाच दीर्घ. ‘विद्यार्थिनी’चे कारण वेगळे आहे. ‘विद्यार्थी’मधला शेवटचा ‘ई’ दीर्घ दिसतो, पण मूळ शब्द ‘विद्यार्थिन्’ आहे. पुढे ‘नी’ आली की ‘थि’ शब्दाच्या आत जाते आणि मुळासारखी ऱ्हस्व राहते.

आता शुद्धलेखन तपासणारे कोणतेही साधन पकडणार नाही अशा चुका, कारण त्यांतला प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर बरोबरच आहे.

‘मी पायथन ही भाषा शिकली आहे’ हे वाक्य लिहिताना ‘भाषा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘शिकली’ असा हिशेब झालेला दिसतो. हा हिशेब ‘मी ही भाषा वापरली’ या वाक्यात अगदी बरोबर ठरतो, ‘शिकणे’मध्ये नाही. फरक तपासायचा असेल, तर ‘मी’च्या जागी तृतीय पुरुष घालून पाहा. ‘तिने भाषा वापरली’, पण ‘ती भाषा शिकली’. जिथे ‘तिने’ येते, तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. जिथे नुसते ‘ती’ येते, तिथे कर्त्याप्रमाणे. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, त्यामुळे हा फरक प्रथम पुरुषात लपून बसतो. विसरणे, बोलणे, भेटणे ही क्रियापदेही ‘शिकणे’सारखीच वागतात. म्हणून मुलीने ‘मी शिकले आहे’ आणि मुलाने ‘मी शिकलो आहे’ असे लिहावे, शिकलेली गोष्ट कोणत्याही लिंगाची असो. काही बोलींत ‘मी गेली’, ‘मी शिकली’ असे सर्रास म्हणतात आणि तिथे ते चूक नाही. अर्जात प्रमाण रूप बरे.

त्याच वाक्याच्या उत्तरार्धात ‘तिने’ची कसोटी उलट बाजूने लागते: ‘तिने दोन प्रकल्प पूर्ण केले’. म्हणजे क्रियापद प्रकल्पांप्रमाणे अनेकवचनी, म्हणून ‘केले आहेत’. इथे कानाला चूक जाणवत नाही, कारण ‘प्रकल्प’ दोन्ही वचनांत सारखाच दिसतो आणि ‘केले आहे’ हे ‘काम केले आहे’मुळे तोंडात बसलेले असते. ‘द्यावे’चेही तेच. ‘संधी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘द्यावी’.

‘मला … इच्छुक आहे’ हे दोन वाक्यांचे कलम आहे. ‘मला काम करण्याची इच्छा आहे’ किंवा ‘मी काम करण्यास इच्छुक आहे’, यांतले एक ठेवा. ‘कृपया’चा अर्थच ‘कृपा करून’, त्यामुळे त्याला आणखी ‘करून’ नको.

मला सर्वांत धोक्याचे वाटले ते ‘आपल्या प्रकल्पांचा अहवाल’. मराठीत ‘आपला’ दोन कामे करतो: समोरच्याला आदराने संबोधतो आणि कर्त्याकडेही बोट दाखवतो (‘ती आपल्या घरी गेली’). दोन वाक्ये आधी ‘आपल्या वेबसाइटवरील’ म्हणजे कंपनीची वेबसाइट; मग ‘आपल्या प्रकल्पांचा’ म्हणजे कोणाच्या? वाचणारा क्षणभर कंपनीचेच प्रकल्प समजेल. अर्जात ‘आपला’ फक्त समोरच्यासाठी राखून ठेवा आणि स्वतःसाठी ‘माझा’ लिहा. मधेच ‘तुमच्या’वर घसरू नका, ‘तुम्ही’ही आदरार्थीच आहे, पण एका पत्रात दोन्हींची सरमिसळ बेफिकिरीची वाटते. सहीच्या आधीचा ‘आपला विश्वासू’ हा बहुधा जुन्या नमुन्यातून उचललेला असावा. तो शब्द लिहिणारीला लागू होतो, म्हणून ‘आपली’. महोदय की महोदया हे ठाऊक नसेल, तर ‘महोदय/महोदया’ चालेल.

‘इंटर्नशिप साठी’ आणि ‘टिम मध्ये’ यांतली रिकामी जागा मोबाइलच्या कळफलकाची देणगी असते. शब्द सुचवून तो पुढे जागा सोडतो. साठी, मध्ये, बद्दल, वर, कडे ही शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहायची. पाठवण्याआधी ईमेलचा मजकूर लिहिण्याच्या एखाद्या ॲपमध्ये चिकटवा आणि शोधाच्या चौकटीत आधी एक रिकामी जागा, मग ‘साठी’ असे टाका. जिथे जिथे सापडेल, तिथली जागा काढा. मग ‘मध्ये’ आणि ‘बद्दल’साठी तसेच करा.