फ्रेममधल्या फोटोला हार आणि तेवता दिवा कसा जोडावा?

"आजोबांच्या पुण्यस्मरणाची पोस्ट करायची आहे. फ्रेमच्या फोटोवर हार आणि पेटलेलं निरांजन टाकलं, पण वरून चिकटवल्यासारखं दिसतंय. काय करू?"

हार फ्रेमला लटकलेला वाटत नाही याचं कारण बहुतेक वेळा सावली नसणं हेच असतं. Photopea हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे, त्यात सांगतो.

हाराची PNG पारदर्शक पार्श्वभूमीची घ्या. काही फाइल्समध्ये राखाडी-पांढरे चौकोन चित्रातच छापलेले असतात, त्या बाद. हार फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांवरून खाली सोडा. खरा हार कोपऱ्यावरून मागे वळतो, म्हणून फ्रेमच्या वर तरंगणारा भाग Layer Mask लावून काळ्या ब्रशने झाका. एवढ्यानंच निम्मं काम होतं. चेहऱ्यावर एकही फूल येऊ देऊ नका.

आता हाराच्या लेयरवर Blending Options मधून Drop Shadow लावा. त्याआधी फ्रेमकडे नीट बघा: तिची स्वतःची सावली भिंतीवर कुठे पडलीय? उजवीकडे खाली पडली असेल तर उजेड डावीकडून वरून आलाय. Angle साधारण 120 ठेवा. फ्रेम पोस्टमध्ये 900 पिक्सेल उंच असेल तर Distance 10, Size 15 आणि Opacity 40 टक्क्यांपासून सुरुवात करा. काळीकुट्ट, धारदार सावली हवीच असं नाही. फुलांखाली नुसता अंधार जाणवला तरी पुरे.

निरांजनाचं माप डोळ्यांनी ठरवू नका. फ्रेम 12 इंच उंच आणि निरांजन 3 इंच धरलं तर 900 पिक्सेलच्या फ्रेमपुढे ते 225 पिक्सेलचं हवं. लोक हमखास दुप्पट मोठं टाकतात. दुसरी गोष्ट कोनाची: फ्रेम समोरून काढलेली आणि निरांजनाचं तोंड मात्र वरून दिसतंय, असं झालं की ते घसरून पुढे पडेल असं वाटतं. तोंडाची गोलाई अगदी चपटी दिसणारा फोटो शोधा, आणि बुडाशी पातळ, गडद सावली द्या.

उरला उजेड. निरांजनाच्या वर नवा लेयर घ्या, त्याचा मोड Screen करा, आणि मोठ्या मऊ ब्रशने ज्योतीभोवती नारिंगी रंगाचा एकच ठिपका द्या. Opacity 30 टक्के. त्याची कड फ्रेमच्या खालच्या पट्टीवर यायला हवी, म्हणजे तिथलं लाकूड किंचित पिवळसर होईल. हा उजेड हनुवटीपर्यंत चढला तर Opacity नाही, ठिपक्याचा आकार कमी करा.

फ्रेमच्या काचेत खिडकीची चकाकी आली असेल तर हे सगळं करण्याआधी फ्रेम दुसरीकडे वळवून फोटो पुन्हा काढा. चेहऱ्यावरची चकाकी पुसत बसलात की चेहराच बदलतो, आणि ते घरच्यांच्या लगेच लक्षात येतं.